शंट किती ओहमचा घ्यावा?

तारेतून किती विद्युतप्रवाह वाहतो आहे हे मोजण्याची एक जुनी आणि आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी रीत म्हणजे त्या प्रवाहाच्या वाटेत एक अगदी लहान, पण नेमकी किंमत माहीत असलेला रोध बसवायचा आणि त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक पाहायचा. ओहमच्या नियमानुसार हा फरक प्रवाह आणि रोध यांच्या गुणाकाराइतका असतो. रोध ठाऊक आहे, व्होल्टेज मोजले, की भागाकार करून प्रवाह मिळतो. या रोधाला शंट म्हणतात.

जुन्या वेल्डिंग सेटच्या, बॅटरी चार्जरच्या किंवा मोठ्या इन्व्हर्टरच्या पॅनेलमागे शंट उघड्या डोळ्यांनी दिसतो. पितळेचे दोन ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या करड्या-तांबूस धातूच्या पट्ट्या, एवढेच त्याचे रूप. त्यावर ‘५०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट’ असे कोरलेले असते, म्हणजे पूर्ण ५०० अँपिअर वाहू लागले की टोकांमध्ये ७५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. पट्ट्या बहुधा मँगॅनिन या मिश्रधातूच्या असतात. तांबे, मँगनीज आणि थोडे निकेल यांचा हा मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी १८९२ मध्ये तयार केला. तापमान बदलले तरी त्याचा रोध जवळजवळ बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

७५ मिलिव्होल्ट हा आकडा आला तो मीटरच्या काट्यामुळे. शंटच्या टोकांना थेट जोडलेला काटा हलायला तेवढे व्होल्टेज लागत असे. त्याची किंमत मात्र उष्णतेच्या रूपाने मोजावी लागे. ५०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट म्हणजे साडेसदतीस वॅट, आणि तेही केवळ मोजण्यापायी. आता काट्याच्या जागी मायक्रोकंट्रोलर आला आणि शंट व मायक्रोकंट्रोलर यांच्या मध्ये अँप्लिफायर बसला. मूळ व्होल्टेज वीस, पन्नास किंवा शंभर पटींनी वाढवून मिळू लागले, तेव्हा शंट हवा तेवढा लहान घेता येईल असे वाटणे साहजिक होते. पण तसे होत नाही. शंट लहान करत गेल्यावर उष्णता कमी होते, पण अँप्लिफायरच्या स्वतःच्या चुका डोके वर काढू लागतात. शंटची किंमत निवडणे म्हणजे या दोन टोकांमधली जागा शोधणे, आणि ती अंदाजाने नव्हे तर हिशेबाने सापडते.

असा हिशेब एका ठरावीक उदाहरणावर करणे सोपे जाते. गावोगावी धावणारी ई-रिक्षा घेऊ. तिच्यात ४८ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि साधारण एक किलोवॅटची मोटर आहे. सपाट रस्त्यावर मोटर २० अँपिअरच्या आसपास घेते. प्रवासी भरून चढ चढताना किंवा जागेवरून निघताना ती ५० अँपिअरपर्यंत जाते असे धरू. गाडी उभी असून फक्त दिवे चालू असले तर प्रवाह असतो जेमतेम अर्धा अँपिअर. बॅटरीतून किती वीज गेली आणि चार्ज होताना किती आली, याची बेरीज-वजाबाकी ठेवून किती चार्ज उरला हे चालकाला दाखवायचे आहे. म्हणजे प्रवाह दोन्ही दिशांनी मोजायचा, आणि ५० अँपिअरइतकाच अर्धा अँपिअरही नीट मोजायचा.

सुरुवात उष्णतेपासून करू. रोधात निर्माण होणारी उष्णता P = I²R या सूत्राने मिळते, म्हणजे ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह अडीच पट झाला तर उष्णता सव्वासहा पट. १० मिलिओहमचा शंट घेतला तर ५० अँपिअरला तो २५ वॅट उष्णता सोडेल. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली नेहमीची सोल्डरिंग इस्त्री एवढ्याच वॅटची असते, तेव्हा अशा शंटला सर्किट बोर्डावर जागा नाही. ५ मिलिओहमला साडेबारा वॅट, तेही नको. १ मिलिओहमला अडीच वॅट पडतात, आणि अर्ध्या मिलिओहमला सव्वा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वीज वाया जाते’ म्हणून शंट लहान हवा, असे सहज म्हटले जाते. ४८ व्होल्ट आणि ५० अँपिअरला बॅटरी २४०० वॅट देत असते. त्यातले अडीच वॅट म्हणजे जेमतेम एक दशांश टक्का, आणि त्याने रिक्षा एक फर्लांगही कमी धावणार नाही. अडचण आहे ती अडीच वॅट नखाएवढ्या तुकड्यात एकवटतात ही. तो तुकडा तापतो, त्याची किंमत सरकते, शेजारचे भाग तापतात आणि सोल्डरचे सांधे थकतात. जिथे बॅटरी एकाच सेलची, ३.७ व्होल्टची असते तिथे गोष्ट वेगळी. तिथे शंटवर १०० मिलिव्होल्ट गेले तर जवळजवळ तीन टक्के व्होल्टेज हातचे जाते आणि वाया जाण्याचा विचार खरोखरच करावा लागतो.

आता दुसरे टोक, म्हणजे अँप्लिफायरची चूक. प्रत्येक अँप्लिफायरला एक उपजत खोट असते. दोन्ही इनपुटमध्ये काहीच फरक नसतानाही त्याला थोडासा फरक असल्याचा भास होतो. याला ऑफसेट व्होल्टेज म्हणतात. बाजारात काही रुपयांत मिळणारा एलएम ३५८ घेतला तर त्याचा ऑफसेट जास्तीत जास्त ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. १ मिलिओहमच्या शंटवर ७ मिलिव्होल्ट म्हणजे ७ अँपिअर. गाडी बंद आहे, किल्ली खिशात आहे, आणि मीटर मात्र ७ अँपिअर दाखवतो आहे. अँप्लिफायरची पट वाढवूनही यातून सुटका होत नाही, कारण खऱ्या व्होल्टेजबरोबर ऑफसेटही तितक्याच पटीने वाढतो. शंट दहापट मोठा केला तर चूक ०.७ अँपिअरवर येईल खरी, पण तेव्हा समोर ते २५ वॅट उभे राहतात.

म्हणून खास याच कामासाठी केलेले अँप्लिफायर वापरतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा आयएनए २४० हा त्यांपैकी एक. त्याचा ऑफसेट जास्तीत जास्त २५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे एलएम ३५८ च्या जवळपास तीनशेव्या भागाएवढा. १ मिलिओहमच्या शंटवर त्याचा अर्थ २५ मिलिअँपिअर. दिव्यांच्या अर्ध्या अँपिअरमध्ये ही चूक पाच टक्के, २० अँपिअरमध्ये एक अष्टमांश टक्का. शंट अर्ध्या मिलिओहमवर आणला की हीच चूक ५० मिलिअँपिअर होते. तो आणखी खाली, एक दशांश मिलिओहमवर नेला तर ५० अँपिअरची उष्णता अवघी पाव वॅट उरेल, पण चूक पाव अँपिअर होईल, म्हणजे दिव्यांच्या प्रवाहाच्या निम्मी. शंटची वरची मर्यादा सर्वांत मोठा प्रवाह ठरवतो, खालची मर्यादा मोजायचा सर्वांत लहान प्रवाह. निवड करताना पहिला आकडा सगळे लिहून घेतात आणि दुसरा बहुतेक जण विसरतात.

२५ मिलिअँपिअरची चूक किरकोळ वाटते. पण चार्जचा हिशेब ठेवताना ती तासागणिक साठत जाते. २४ तासांत ०.६ अँपिअर-तास, दहा दिवसांत ६. रिक्षाची बॅटरी १०० अँपिअर-तासांची धरली तर दहा दिवसांनी मीटर सहा टक्क्यांनी खोटे बोलू लागेल. रोज रात्री बॅटरी पूर्ण चार्ज होत असेल तर त्या वेळी हिशेब पुन्हा शंभरावर आणता येतो. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत तो आधार नसतो.

शंट बसवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न. बॅटरीच्या ऋण टोकाजवळ बसवला तर अँप्लिफायरचे काम सोपे होते, कारण त्याचे दोन्ही इनपुट शून्य व्होल्टच्या आसपास राहतात. पण मग मोटर कंट्रोलरचे ग्राउंड बॅटरीच्या ऋण टोकापासून शंटवरच्या व्होल्टेजइतके उचलले जाते आणि प्रवाहाबरोबर खालीवर होत राहते. शिवाय एखादी वायर खरवडून गाडीच्या सांगाड्याला टेकली आणि प्रवाह दुसऱ्या वाटेने परतला, तर शंटला त्याचा पत्ताच लागत नाही. धन बाजूला बसवलेला शंट हे सगळे पाहतो. त्याची अट मात्र कडक आहे. दोन्ही इनपुट ४८ व्होल्टवर बसलेले असतात आणि त्यांच्यातला काही मिलिव्होल्टचा फरक तेवढा वेचून काढायचा असतो.

या ४८ व्होल्टचा परिणाम आउटपुटवर अजिबात होऊ नये, असे म्हणणे सोपे आहे. घरच्या घरी एक ऑपॲम्प आणि चार रोध घेऊन फरक मोजणारे सर्किट करता येते. रोध ०.१ टक्के अचूकतेचे, म्हणजे चांगल्यापैकी घेतले आणि पट वीस ठेवली, तरी वाईटात वाईट जुळणीत ४८ व्होल्टपैकी सुमारे ९ मिलिव्होल्ट फरक म्हणून आत शिरतात. १ मिलिओहमच्या शंटवर ती ९ अँपिअरची चूक झाली. साध्या एक टक्का रोधांबरोबर तर ती आणखी दहापट होईल. आयएनए २४० मध्ये हे रोध एकाच सिलिकॉन चिपवर जुळवून बनवलेले असतात. दोन्ही इनपुटवरचे समान व्होल्टेज किमान दहा लाख पटींनी दाबले जाईल याची हमी कंपनी देते. ऑफसेटचा छापील आकडा १२ व्होल्टला मोजलेला असतो. त्यापासून ४८ व्होल्ट ३६ व्होल्टनी दूर, म्हणून वाईटात वाईट ३६ मायक्रोव्होल्टची भर पडू शकते. ही भर जवळपास स्थिर असते आणि गाडी पूर्ण बंद असताना शून्याचे वाचन घेऊन वजा करता येते. हा अँप्लिफायर ८० व्होल्टपर्यंत चालतो. चार्जिंगच्या वेळी बॅटरी ५८ व्होल्टच्या आसपास जाते, म्हणजे मोटर कंट्रोलरच्या झटक्यांसाठी वर जागा उरते, तरी तिथे झटके अडवणारा एक डायोड लावावाच.

शून्याचे वाचन वजा करण्यात एक खाच आहे. एकाच दिशेचा प्रवाह मोजणाऱ्या जोडणीत शून्य प्रवाहाला आउटपुट शून्य व्होल्ट अपेक्षित असते. ऑफसेट ऋण असेल तर आउटपुटला शून्याच्या खाली जाता येत नाही, ते तिथेच चिकटून बसते. वाचन शून्य दिसते, चूक शून्य असल्याचा समज होतो, आणि प्रत्यक्षात प्रवाहाचा पहिला तुकडा मोजलाच जात नाही. रिक्षाच्या उदाहरणात चार्जिंगचा उलटा प्रवाहही मोजायचा असल्याने अँप्लिफायरचे शून्य मुद्दाम मध्यावर उचलून ठेवावे लागते. मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टवर चालत असेल तर ते १.६५ व्होल्टवर येते. मग ऑफसेट धन असो वा ऋण, तो दिसतो आणि वजा करता येतो.

आता अँप्लिफायरची पट. आयएनए २४० हा २०, ५०, १०० आणि २०० या पटींत मिळतो. १ मिलिओहमवर ५० अँपिअरचे ५० मिलिव्होल्ट होतात. वीस पटीने त्याचा एक व्होल्ट. म्हणजे आउटपुट एका बाजूला २.६५ आणि दुसऱ्या बाजूला ०.६५ व्होल्टपर्यंत जाईल, आणि अचानक ७० अँपिअर आले तरी ते छताला टेकणार नाही. पन्नास पट घेतली असती तर एका बाजूला अडीच व्होल्टची जागा लागली असती आणि ती नाहीच. मायक्रोकंट्रोलरचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग, १२ बिटांचा असेल तर ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग होतात. एक भाग ०.८ मिलिव्होल्टचा. आउटपुटला एका अँपिअरमागे २० मिलिव्होल्ट मिळत असल्याने एक भाग म्हणजे ४० मिलिअँपिअर. ऑफसेटची चूक २५, एडीसीची पायरी ४०. दोन्ही एकाच तोलाच्या आहेत, ही चांगली खूण. यातली एक दुसरीच्या शंभरपट निघाली असती तर कुठेतरी पैसे उगाच खर्च झाले असे समजावे. मोटरचा प्रवाह स्थिर नसतो, म्हणून अनेक वाचनांची सरासरी घ्यावी लागतेच, आणि त्या सरासरीत ही पायरी आणखी बारीक होते.

अशा रीतीने १ मिलिओहमवर शिक्का बसतो. सपाट रस्त्यावरच्या २० अँपिअरला त्यात ०.४ वॅट उष्णता पडते, जी तो दिवसभर सोसू शकतो. चढावरचे अडीच वॅट मिनिटभराचे असतात, तरी तुकडा ५ वॅटचा घ्यावा. ३ वॅटचा मिळतो आणि कागदावर चालतोही, पण तो आकडा तुकड्याभोवती पुरेसे तांबे आणि बेताचे तापमान गृहीत धरून छापलेला असतो. उन्हात उभ्या रिक्षाच्या बंद डब्यात ते तापमान राहत नाही. बाजारात हा तुकडा धातूच्या चपट्या पट्टीच्या रूपात मिळतो आणि त्यावर ‘आर ००१’ अशी खूण असते. गाडी सलग घाटातच चालणार असेल आणि ५० अँपिअर अर्धा-अर्धा तास टिकणार असतील, तर अर्ध्या मिलिओहमवर उतरावे आणि दिव्यांच्या प्रवाहातली दहा टक्के चूक मान्य करावी.

किंमत ठरली, तुकडा आला, तरी खरी परीक्षा पुढे असते, ती सर्किट बोर्डावरच्या जोडणीत. नेहमीच्या बोर्डावरच्या तांब्याच्या थराचा रोध दर चौकोनाला अर्धा मिलिओहम असतो. चौकोन म्हणजे पट्टी जेवढी रुंद तेवढीच लांब. अँप्लिफायरकडे जाणाऱ्या बारीक वाटा शंटच्या पायांपासून न काढता, मुख्य पट्टीवर दोन्ही बाजूंना एकेक चौकोन अलीकडे-पलीकडे काढल्या, तर एक मिलिओहम तांबे शंटमध्ये मिसळले जाते आणि वाचन थेट दुप्पट होते. यावर कोणी म्हणेल की गुणाकाराचा आकडा बदलून ते दुरुस्त करू. तसे करता येत नाही, कारण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. बोर्ड ५० अंशांनी तापला की त्या तांब्याचा वाटा वीस टक्क्यांनी फुगलेला असतो. बोर्डावरचीच तांब्याची पट्टी फुकटचा शंट म्हणून वापरण्याची युक्ती अधूनमधून सुचवली जाते, तिचेही पाणी इथेच पडते. म्हणून मोजणीच्या दोन वाटा शंटच्या पायांच्या आतल्या कडेपासून, मुख्य प्रवाहापासून वेगळ्या काढायच्या. या रीतीला केल्विन जोडणी म्हणतात. पितळी ठोकळ्यांच्या जुन्या शंटवर मोठ्या बोल्टांखेरीज दोन छोटे स्क्रू असतात ते याचसाठी.

जोडणी बिघडली आहे हे ओळखता येते. बोर्ड थंड असताना २० अँपिअरचा स्थिर प्रवाह सोडावा आणि अर्धा तास वाचन पाहत राहावे. खात्रीचा दुसरा मीटर २० वरच स्थिर आहे आणि इकडचे वाचन हळूहळू चढत चालले आहे, असे दिसले तर मोजणीत तांबे मिसळले आहे. चांगल्या शंटची किंमत दर अंशाला दहा लाखांत ७५ भागांनी सरकते, म्हणजे ८० अंशांनी तापूनही जेमतेम ०.६ टक्के. चढ त्याहून बराच मोठा असेल तर शंटला दोष देऊ नये.

दोन ठिकाणची तपासणी आणखी काही सांगते. आधी २ अँपिअर सोडून फरक लिहावा, मग ४० अँपिअर सोडून. दोन्हीकडे फरक तेवढाच, समजा ६० मिलिअँपिअर, आला तर तो ऑफसेट आहे आणि वजाबाकीने जातो. फरक प्रवाहाबरोबर वीसपट वाढला तर शंटची खरी किंमत, अँप्लिफायरची पट किंवा जोडणी यांतले काहीतरी चुकते आहे. शंट एक टक्का अचूकतेचा असल्याने एवढी चूक तर घरातलीच मानावी. ती एका गुणकाने दुरुस्त होते आणि तो गुणक प्रत्येक बोर्डाचा वेगळा असतो.

एक चूक मात्र या दोन्ही खान्यांत बसत नाही. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की त्यात आपोआप थोडे व्होल्टेज निर्माण होते. शंटची दोन्ही टोके सारखी तापली तर ही व्होल्टेज एकमेकांना छेद देतात. एका टोकाशेजारी मोटरचा तापलेला मॉस्फेट आणि दुसऱ्या टोकाला उष्णता ओढून घेणारी जाड केबल असेल, तर मात्र छेद जात नाही. शंट कॉन्स्टंटन या मिश्रधातूचा असेल तर एका अंशाच्या फरकाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे आपल्या शंटवर ४० मिलिअँपिअर. मँगॅनिनमध्ये हे तीन मायक्रोव्होल्टच्या आत राहते. म्हणून लहान किमतीच्या शंटला आजही मँगॅनिन किंवा त्याच्या जवळचा मिश्रधातू वापरलेला चांगला, आणि माहितीपत्रकात हा आकडा दिला नसेल तर विकणाऱ्याला तो विचारून घ्यावा.

शेवटची चाचणी सोपी आहे आणि ती टाळली जाते. गाडी तासभर चालवून बोर्ड पूर्ण तापला की प्रवाह एकदम बंद करावा आणि त्याच क्षणी शून्याचे वाचन घ्यावे. थंड असतानाच्या शून्यापासून ते एक-दोन पायऱ्यांहून, म्हणजे ८० मिलिअँपिअरहून, जास्त सरकले नसेल तर १ मिलिओहमची निवड योग्य आणि जोडणीही योग्य. सरकले असेल, तर मोठा शंट आणण्याआधी शंटची जागा बदलून पाहावी.